शिश्नरोपण: पंपाचे की दांडीचे?

शिश्नाच्या आत लांबीच्या दिशेने दोन नळकांडी शेजारीशेजारी असतात. त्यांच्याभोवती चिवट, पांढरट आवरण असते आणि आत स्पंजासारखी ऊती असते. उत्तेजनेच्या वेळी या ऊतीत रक्त भरते, बाहेर जाणाऱ्या शिरा आवरणाखाली दाबल्या जातात आणि शिश्न ताठ होते. रक्त पुरेसे येत नसेल, आलेले टिकत नसेल किंवा मेंदूकडून येणारा इशारा नसांपर्यंत पोहोचत नसेल, तर ताठरता येत नाही. शिश्नरोपणाच्या शस्त्रक्रियेत ही रक्ताची यंत्रणा दुरुस्त केली जात नाही. त्याच दोन नळकांड्यांत सिलिकोनसारख्या पदार्थाच्या दोन दंडगोल वस्तू बसवल्या जातात आणि पुढे ताठरता त्यांच्यावर अवलंबून राहते. शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक समाधान आणि बहुतेक निराशा या एका गोष्टीशी जोडलेली असते, म्हणून ती आधीच नीट समजलेली बरी.

ही शस्त्रक्रिया उपचारांच्या रांगेत शेवटी येते. आधी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच्या गोळ्या, मग निर्वात पंप, मग संभोगापूर्वी शिश्नात घ्यायचे इंजेक्शन असा क्रम असतो. यांपैकी काहीच लागू पडत नाही किंवा सोसत नाही, तेव्हा रोपणाचा विचार होतो. जुना मधुमेह, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढून टाकलेले पुरुष, मज्जारज्जूला इजा झालेले, शिश्नात कठीण चट्टा तयार होऊन ते वाकडे झालेले, आणि तासन्‌तास न उतरलेल्या वेदनादायक ताठरतेमुळे आतली ऊतीच मेलेली, असे रुग्ण यात मुख्यतः असतात. गोळीने काम होत असताना केवळ रोजची कटकट नको म्हणून रोपण मागणाऱ्याला जबाबदार सर्जन परत पाठवतो.

आज वापरात असलेले दोन्ही प्रकार 1970च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले. 1973 साली ह्यूस्टनचे ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रव भरून फुगवता येणारे रोपण मांडले. 1975 साली मायामीच्या मायकेल स्मॉल आणि हर्नान कॅरिऑन यांनी फुगवण्याची गरज नसलेली, सिलिकोनच्या दोन दांड्यांची जोडी आणली. साहित्य आणि जोडण्या तेव्हापासून पुष्कळ सुधारल्या, पण मूळ कल्पना त्याच आहेत.

दांडीच्या प्रकाराला डॉक्टर अर्धताठर किंवा सेमी-रिजिड म्हणतात. यात दोन दांड्या असतात. काहींच्या गाभ्यात धातूची तार असते, काहींत दुमड घेणारा लवचिक भाग असतो. शिश्न हाताने वर उचलले की ते संभोगायोग्य स्थितीत राहते, खाली वळवले की खाली राहते. त्याची जाडी आणि कडकपणा दोन्ही वेळी सारखाच. फुगणे नाही, मऊ पडणे नाही. पंप, टाकी, झडप यांतले काहीच नसल्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि हाच या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे.

फुगवता येणाऱ्या रोपणाचा तीन भागांचा संच सर्वाधिक वापरला जातो. शिश्नात दोन पोकळ नळ्या, वृषणकोशात दोन वृषणांच्या मधोमध एक छोटा पंप, आणि ओटीपोटात मूत्राशयाजवळ किंवा पोटाच्या स्नायूखाली सलाइनची एक टाकी. तिन्ही भाग आतूनच बारीक नळ्यांनी जोडलेले असतात. बाहेरून काहीही दिसत नाही. पंप दहा-पंधरा वेळा दाबला की टाकीतले पाणी नळ्यांत येते आणि शिश्न ताठ होते. काम झाले की पंपाच्या वरच्या भागातले बटण दाबून शिश्न हलकेच पिळायचे, म्हणजे पाणी टाकीत परत जाते आणि शिश्न मऊ पडते. दोन भागांचाही एक संच आहे. त्यात ओटीपोटातली टाकी नसते, त्यामुळे तिथे आधी मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना तो सोयीचा ठरतो. मात्र त्यातली ताठरता आणि मऊपणा दोन्ही थोडे कमी भरतात.

दोन्ही प्रकारांत काही गोष्टी सारख्याच राहतात. त्वचेची संवेदना, कामतृप्ती, वीर्यस्खलन आणि लघवी यांच्या वाटा त्या नळकांड्यांतून जात नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी या गोष्टी जशा होत्या तशाच साधारणपणे नंतरही राहतात. प्रोस्टेट काढल्यामुळे स्खलन आधीच बंद झाले असेल, तर ते रोपणाने सुरू होत नाही. कामेच्छा कमी असेल, तर तीही वाढत नाही. शिश्नाचे टोक, म्हणजे शिश्नमुंड, या नळकांड्यांच्या पुढे असते, त्यामुळे ते रोपणाने फुगत नाही आणि पूर्वीच्या नैसर्गिक ताठरतेपेक्षा मऊ व थंड वाटू शकते. काहींना त्यासाठी नंतरही गोळीचा थोडा उपयोग होतो.

नळ्या किंवा दांड्या बसवताना आतली स्पंजी ऊती रुंद करावी, दाबावी लागते. पुढे कधी रोपण काढून टाकले, तर पूर्वीची अर्धवट का होईना ताठरता परत येण्याची आशा जवळपास संपते. गोळी बंद करता येते, इंजेक्शन सोडता येते. या शस्त्रक्रियेला माघार नाही. संमतिपत्रावर ही ओळ असतेच, पण ती वाचून दाखवण्यापुरती राहू नये.

मग दोनांपैकी निवड कशावरून करायची? नैसर्गिकतेच्या जवळ जाण्याच्या बाबतीत तीन भागांचा संच उजवा आहे. ताठ असताना त्याची जाडी अधिक येते, मऊ असताना कपड्यांत काही कळत नाही, आणि ऊतीवर सतत दाब राहत नाही. मात्र तो चालवायला दोन्ही हातांच्या बोटांत जोर आणि स्पर्शज्ञान लागते. संधिवाताने बोटे आखडलेली, पक्षाघाताने एक हात गेलेला किंवा नजर आणि स्मरण दोन्ही क्षीण झालेली व्यक्ती असेल, तर वृषणकोशातले बटण शोधणे हाच रोजचा छळ होतो. अशांना दांडीचे रोपण बरे. उलट, मज्जारज्जूच्या इजेमुळे शिश्नाला संवेदनाच नसेल, तर दांडीचा सततचा दाब आतून त्वचा किंवा मूत्रमार्ग झिजवत राहतो आणि रुग्णाला वेदना नसल्याने ते कळत नाही. तिथे फुगवण्याचा प्रकार सुरक्षित. ज्याला पुढे प्रोस्टेटची दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा मूत्राशयाची वारंवार तपासणी लागण्याची शक्यता आहे, त्याच्याही बाबतीत कायम ताठ असलेली दांडी दुर्बिणीच्या वाटेत अडचण करू शकते.

भारतात निवडीवर खर्चाचा भार मोठा असतो. फुगवण्याचे संच आयात होतात आणि नुसत्या संचाचीच किंमत काही लाखांत जाते. दांडीच्या रोपणात मात्र स्वस्त देशी पर्याय आहे, आणि तो मुंबईतून आलेला आहे. इथले पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेले रोपण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच्या दांडीवर काढता-घालता येणारी सिलिकोनची वेष्टने असतात. रुग्णाच्या नळकांड्यांच्या रुंदीप्रमाणे ती ठेवून किंवा काढून जाडी जुळवता येते, म्हणून रुग्णालयाला वेगवेगळ्या जाडीचे अनेक संच बाळगावे लागत नाहीत. दांडी खाली वळवून लपवता यावी यासाठी तिच्यात मऊ सांधाही ठेवलेला आहे. ज्या घरांत पंपाच्या संचाचा विचारही परवडला नसता, तिथे या रोपणाने ही शस्त्रक्रिया आवाक्यात आणली. परवडत नाही म्हणून दांडी घेणे यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. फक्त घेताना तिच्या मर्यादा माहीत हव्यात.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका नमुन्याच्या रुग्णावरून पाहता येईल. वय 56, मधुमेह पंधरा वर्षांचा, गोळ्यांचा पूर्ण डोस घेऊनही उपयोग नाही, इंजेक्शनने फक्त दुखते. शिश्नाच्या डॉप्लर तपासणीत धमन्यांतला प्रवाह मंद आढळला. पहिल्या भेटीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए1सी 9.6 आला. इथे सर्जन तारीख देत नाही. साखर आटोक्यात नसताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून बहुतेक ठिकाणी हा आकडा साधारण 8 ते 8.5च्या खाली येईपर्यंत थांबतात. रुग्णाला तंबाखू सोडायला सांगितले जाते. लघवीत जंतू असतील तर आधी त्यावर उपचार होतात. जांघेत गजकर्ण किंवा कुठेही पिकलेली जखम असेल, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. तीन महिन्यांनी या रुग्णाचा आकडा 7.7 झाला आणि तारीख ठरली.

त्याच भेटीत आणखी एक साधे काम होते, जे अनेक ठिकाणी राहून जाते. शिश्न हलके ताणून पट्टीने त्याची लांबी मोजायची, रुग्णाला ती पाहू द्यायची आणि कागदावर लिहून ठेवायची. रोपणानंतरची लांबी साधारणपणे या ताणलेल्या लांबीइतकी असते. रुग्णाच्या मनात मात्र पंचविशीतल्या ताठरतेची आठवण असते. मधल्या वर्षांत ऊती आक्रसून लांबी आधीच कमी झालेली असते आणि ती शस्त्रक्रियेने परत येत नाही. आपल्या रुग्णाची नोंद 12 सेंटिमीटर झाली आणि त्याने ती स्वतः पाहिली. पुढच्या कितीतरी वादांचे मूळ इथेच खुडले जाते.

शस्त्रक्रिया कमरेत भूल देऊन किंवा पूर्ण भूल देऊन होते. केस शस्त्रक्रियागृहातच काढले जातात, घरी वस्तऱ्याने काढून त्वचेवर बारीक जखमा करून येऊ नये. जंतुनाशकाने त्वचा बराच वेळ स्वच्छ केली जाते, शिरेतून प्रतिजैविके आधीच सुरू असतात. शिश्न आणि वृषणकोश जिथे मिळतात तिथे सुमारे तीन सेंटिमीटरचा छेद घेतात. मूत्रमार्गात नळी घालून मूत्राशय रिकामे करतात, कारण टाकी त्याच्या शेजारी बसायची असते आणि भरलेल्या मूत्राशयाला इजा होण्याची भीती असते. मग दोन्ही नळकांड्यांच्या आवरणाला छोटी चीर देऊन आतली पोकळी जाड होत जाणाऱ्या सळ्यांनी रुंद केली जाते.

त्यानंतरच्या मापावर पुढची वर्षे अवलंबून असतात. चिरेपासून पुढे शिश्नमुंडापर्यंत आणि चिरेपासून मागे हाडाला चिकटलेल्या टोकापर्यंत, अशी दोन मापे घेतली जातात. या रुग्णात पुढचे माप 11 आणि मागचे 9 सेंटिमीटर आले. एकूण 20. नळकांडी शरीरात आत खोलवर जातात, म्हणून ही बेरीज बाहेर दिसणाऱ्या लांबीपेक्षा बरीच मोठी असते. सर्जनने 18 सेंटिमीटरच्या नळ्या घेतल्या आणि त्यांच्या मागच्या टोकांना दोन-दोन सेंटिमीटरचे जोड लावून 20 भरले. रुग्णाला खूश करायला 21 भरले असते तर नळी आत इंग्रजी एस अक्षरासारखी वाकली असती, कायम दुखत राहिली असती आणि कालांतराने टोकाशी त्वचा झिजवून बाहेर आली असती. 18वरच थांबले असते तर शिश्नमुंडाला आतून आधार मिळाला नसता आणि संभोगाच्या वेळी ते पुढे लोंबले असते. नळ्या बसल्या की टाकी ओटीपोटात सरकवून सलाइनने भरतात, पंप वृषणकोशात तळाशी ठेवतात, नळ्या जोडतात आणि मेजावरच संच फुगवून, उतरवून पाहतात. सगळे मिळून तास-दीड तास. दांडीच्या रोपणात टाकी, पंप आणि जोडण्या नसल्याने वेळ बराच कमी लागतो, आणि ते काही वेळा फक्त त्या भागाला भूल देऊनही करता येते.

शस्त्रक्रियेच्या रात्री शिश्नावर आणि वृषणकोशावर घट्ट पट्टी असते, लघवीची नळी असते आणि कधी रक्त बाहेर काढणारी बारीक नळीही असते. रक्त साठू नये म्हणून फुगवण्याचा संच सुरुवातीला अर्धवट फुगलेलाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी बहुधा नळ्या आणि पट्टी काढली जाते आणि रुग्णाने स्वतः लघवी केली की घरी सोडण्याचा विचार होतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वृषणकोश सुजून जांभळा पडतो, मोसंबीएवढा वाटतो आणि रुग्ण घाबरतो. बहुतेकांत ही सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, घट्ट आतला कपडा, ठरवून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि पडून राहणे, इतकेच या दिवसांचे काम.

या काळात शिश्न कुठल्या दिशेला ठेवायचे यालाही अर्थ आहे. रोपणाभोवती शरीर आपले आवरण तयार करत असते आणि त्या आवरणाला मिळालेला कल पुढे टिकतो. म्हणून फुगवण्याच्या रोपणात चार ते सहा आठवडे शिश्न बेंबीच्या दिशेने वर ठेवायला सांगतात. खाली लोंबत ठेवले तर ताठ असतानाही ते खाली झुकण्याची सवय लागते. पंपाचे उलट. तो वर सरकून जांघेपाशी घट्ट बसला तर नंतर बोटांना सापडत नाही. दुखणे थोडे कमी झाले की रोज अंघोळीच्या वेळी पंप दोन बोटांत धरून अलगद खाली ओढायचा असतो. बटण मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत दाबायचे नाही.

बैठे काम करणारा माणूस साधारण एक-दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. दुचाकी, सायकल, वजन उचलणे, शेतातले श्रम यांसाठी चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. मधुमेह असलेल्यांमध्ये दुखणे जास्त रेंगाळलेले दिसते, विशेषतः शिश्नाच्या टोकाशी. ते आठवड्यागणिक कमी होत असेल तर चिंता नाही. कमी होता होता पुन्हा वाढले, तर मात्र तपासणी हवी.

चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात संच पहिल्यांदा चालवला जातो. ही भेट पंधरा मिनिटांत आटोपण्यासारखी नसते. आधी डॉक्टर दाखवतात, मग रुग्ण स्वतः करतो: एका हाताने पंप स्थिर धरायचा, दुसऱ्याने दाबायचा. पहिली दाब नेहमी जड जाते. उतरवण्याचे बटण सापडायला अनेकांना दोन-तीन भेटी लागतात, आणि न सापडल्याने शिश्न फुगलेलेच राहिले म्हणून रात्री घाबरून फोन करणारेही असतात. पत्नीलाही ते शिकायचे असेल तर तिला बरोबर घेणे शहाणपणाचे. काही जोडप्यांत पंप तीच चालवते आणि त्यात संकोच सरतो. पुढचे काही आठवडे रोज एकदा फुगवून, थोडा वेळ ठेवून उतरवायचे असते, म्हणजे भोवतीचे आवरण आखडत नाही. संभोगाला साधारण सहा आठवड्यांनंतर परवानगी मिळते. सुरुवातीला वंगणाची जेली वापरावी. वयाच्या पन्नाशीत संभोग वर्षानुवर्षे थांबलेला असेल, तर पत्नीच्या योनीतला कोरडेपणा आणि दुखणे यांचीही दखल तेव्हा घ्यावी लागते.

दांडीच्या रोपणात हे शिक्षण नसते. चार-सहा आठवडे वाट पाहिली की वापर सुरू. पण सततच्या ताठपणाशी जुळवून घेणे हेच इथले शिक्षण. सैल पायजम्यात काही कळत नाही. लुंगीत, तंग पँटीत किंवा सामायिक न्हाणीघरात दांडी खाली वळवायची आठवण ठेवावी लागते. पहिले काही महिने बसताना आणि कुशीवर झोपताना ती जाणवत राहते. नंतर बहुतेकांना सवय होते. काहींना ती कधीच होत नाही.

या शस्त्रक्रियेतला सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे जंतुसंसर्ग. प्रतिजैविकाचा लेप असलेली किंवा प्रतिजैविक शोषून घेणारी रोपणे 2000 सालानंतर आली आणि पहिल्याच शस्त्रक्रियेत संसर्गाचे प्रमाण साधारण 1 ते 3 टक्क्यांवर आले. बदलण्याच्या शस्त्रक्रियेत ते याहून जास्त असते. रुग्णालये आणि सर्जन यांच्यात फरक पडतो. वर्षाला अशा पुष्कळ शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे जाण्याचे हे ठोस कारण आहे. संसर्ग ओळखण्याच्या खुणा घरीही कळतात. आठवडे उलटूनही वाढत जाणारे दुखणे, टाक्यांतून पाझरणारा द्रव, लाल आणि गरम त्वचा, आणि पंपावरची त्वचा त्याला चिकटल्यासारखी होऊन बोटांनी सरकेनाशी होणे. ताप दर वेळी येतोच असे नाही. अशा वेळी जवळच्या डॉक्टरकडून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून आठवडे घालवणे घातक ठरते, कारण जंतू रोपणाच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात आणि गोळी तिथे पोहोचत नाही. बहुतेकदा संपूर्ण रोपण काढून जागा भरपूर जंतुनाशकाने धुवावी लागते. रुग्णाची स्थिती चांगली असेल तर त्याच वेळी नवे रोपण, अनेकदा दांडीचे, बसवतात. ते न बसवता जागा रिकामी सोडली तर आत चट्टे पडतात, शिश्न आखूड होते आणि पुढची शस्त्रक्रिया फार अवघड होते.

यंत्र म्हणून फुगवण्याचा संच झिजतोच. नळीला भोक पडते, पाणी गळते आणि एके दिवशी पंप कितीही दाबला तरी काही होत नाही. गळलेले पाणी सलाइनच असल्याने शरीराला त्याचा अपाय होत नाही, पण संच बदलावा लागतो. पाच वर्षांनी दहापैकी सुमारे नऊ संच चालू असतात, दहा वर्षांनी तीन-चतुर्थांशाच्या आसपास किंवा थोडे अधिक, आणि पंधरा वर्षांनी सुमारे 60 टक्के. म्हणजे पन्नाशीत रोपण घेणाऱ्याने आयुष्यात आणखी एक शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च गृहीत धरलेला बरा. दांडीचा संच यांत्रिकदृष्ट्या याहून टिकाऊ; तिथली मुख्य भीती झीज होऊन दांडीचे टोक बाहेर येण्याची.

समाधानाचे आकडे वाचताना ते कुठून आले हे पाहावे. फुगवण्याच्या रोपणाबाबत बहुतेक अभ्यासांत 80 ते 90 टक्क्यांहून अधिक पुरुष समाधानी असल्याचे आढळते. पत्नी किंवा जोडीदाराचे समाधान त्याच्या जवळपास, पण बहुधा थोडे कमी. दांडीच्या रोपणाचे आकडे सर्वसाधारणपणे याहून खाली राहतात आणि अभ्यासागणिक अधिक बदलतात. गोळ्या आणि इंजेक्शने यांच्या तुलनेत दोन्ही रोपणे सोडून न देण्याचे प्रमाण मोठे, हेही खरे. मात्र हे अभ्यास बहुधा निष्णात सर्जनांच्या केंद्रांतले असतात, प्रश्नावली भरायला नाराज रुग्ण परत येतीलच असे नाही, आणि दांडी व पंप यांची चिठ्ठ्या टाकून केलेली थेट तुलना फारशी झालेली नाही. दांडी घेणारे पुष्कळदा अधिक आजारी किंवा आधी फसलेल्या शस्त्रक्रियेतून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या आकड्यातला सगळा फरक दांडीच्या माथी मारणे बरोबर नाही.

समाधान शस्त्रक्रियेनंतर लगेच येत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे. पहिल्या तीन महिन्यांत दुखणे, सूज आणि पंपाशी चाललेली झटापट यांमुळे अनेकांना आपण चूक केली असे वाटते. ऊती मऊ होतात, हात सरावतो, आणि नऊ महिने ते वर्षभरात समाधान सर्वांत वर पोहोचते. आपल्या नमुन्याच्या रुग्णाचीही दुसऱ्या महिन्यातली तक्रार शिश्न लहान झाल्याची होती. पट्टी पुन्हा लावली, 12 सेंटिमीटरच भरले आणि तक्रार तिथे थांबली. माप आधी लिहिलेले नसते तर ती थांबली नसती.

लांबी कमी वाटणे हे नाराजीचे सर्वांत मोठे कारण. त्याखालोखाल शिश्नमुंडाचा मऊपणा, नैसर्गिक उत्स्फूर्तता नसल्याची खंत आणि बिघाड. प्रोस्टेटची ग्रंथी काढलेल्यांत, वाकडे झालेल्या शिश्नासाठी रोपण घेतलेल्यांत आणि स्थूल पुरुषांत समाधान काहीसे कमी आढळते. पहिल्या दोघांत लांबी रोगाने किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने घटलेली असते, तिसऱ्यात ओटीपोटावरच्या चरबीत ती दडलेली असते. मोडलेला संसार सावरण्यासाठी किंवा जोडीदाराला न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेणारा पुरुषही नाराज राहण्याची शक्यता मोठी, कारण त्याची तक्रार शिश्नापुरती कधीच नव्हती.

म्हणून सर्जनची निवड करताना चार गोष्टी थेट विचाराव्यात: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, संसर्ग किती जणांना झाला, संच बिघडला तर बदलण्याचा खर्च कोणाचा, आणि माझी ताणलेली लांबी आज किती भरते. शक्य असेल तर त्या भेटीला जोडीदाराला सोबत न्यावे. रोपणासोबत मिळणारे, संचाचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड जपून ठेवावे आणि पुढे एमआरआय किंवा लघवीची नळी घालण्याची वेळ आली, तर ते आधी दाखवावे.